वीतभर दूरचं खळं

ढगमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण हवामान केंद्रात नवीन लागलेल्या माणसाला त्यांचं खरं नाव कळायला पहिला पगार हातात पडावा लागे, आणि तोवर ढगमास्तर जिभेवर असं बसलेलं असे की खरं नाव ऐकून माणूस विचारी, "हे कोण?"

केंद्र छोटंसंच. धावपट्टीच्या कडेला दोन खोल्या, पुढे तारेचं कुंपण घातलेलं अंगण, अंगणात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी. पेटीत थर्मामीटर. बाजूला पर्जन्यमापक, खांबावर वाऱ्याची दिशा सांगणारा बाण. ठरलेल्या वेळी बाहेर पडायचं, पेटी उघडायची, पारा वाचायचा, वारा बघायचा आणि मग मान वर करायची. पारा कुणीही वाचेल, असं मास्तरांचं मत होतं. खरी परीक्षा मान वर केल्यावर. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती भाग ढगांनी व्यापलेत, ढग कुठल्या जातीचे, किती उंचीवर, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं. त्याला यंत्र नाही. माणूसच यंत्र.

आणि या यंत्राचा मास्तरांना भलताच अभिमान होता. चष्मा होता, पण तो "वर्तमानपत्रापुरता". पंचविशीतल्या पोरांना न दिसणारा पिंजलेला ढग त्यांना दिसे आणि दिसला की ते गप्प बसत नसत. "डोळे आहेत की बटणं?" असं समोरच्याला विचारल्याशिवाय त्यांची नोंद पुरी होत नसे. घरी बायकोलाही त्यांनी एकदा हा प्रश्न विचारून पाहिला होता. त्या दिवशी चहा त्यांना स्वतःच करून घ्यावा लागला.

रात्रीच्या नोंदीची त्यांची एक रीत होती. उजेडातून आलेल्या डोळ्यांना ढग दिसत नाहीत. डोळे अंधाराला सरावायला वेळ द्यावा लागतो. म्हणून ते खोलीतून निघाले की आधी जनरेटरच्या शेडमागे जाऊन उभे राहत. तिथे गच्च काळोख. बाहुल्या चांगल्या मोठ्या झाल्या, काळ्यातला काळा निराळा दिसू लागला, की मग अंगणात. इतर निरीक्षक जरा थांबल्यासारखं करून उरकून घेत. मास्तर मात्र शेडमागे समाधी लावल्यासारखे उभे. तीस वर्षं त्यांनी ही रीत एक दिवस चुकवली नव्हती.

पण त्यांचा खरा जीव होता खळ्यावर. चंद्राला खळं पडलं की म्हातारा शाळकरी पोरासारखा हरखून जाई. हातात असेल ते काम टाकून सगळ्यांना बाहेर काढी, अगदी फाटकावरच्या रखवालदारालासुद्धा. आणि मग व्याख्यान.

"हात पुढे. पूर्ण ताणा, कोपर वाकवू नका. आता वीत पसरा. अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळी कुठे आली?"

"खळ्यावर, सर."

"माझीही खळ्यावर. ह्या ताडमाड माणसाचीही खळ्यावर. याचा हात लांब तर वीतही मोठी, माझा आखूड तर वीतही आखूड. हिशेब तोच. बावीस अंश! आज, उद्या, शंभर वर्षांनी, कुठल्याही मुलखात. खळं बावीस अंशांवरच पडणार."

मग खिशातून सहा बाजूंची पेन्सिल निघे. "खूप उंचावर, जिथे कडाक्याची थंडी असते, तिथे पडद्यासारखा पातळ ढग असतो. त्यात पाणी नसतं, बर्फाचे कण असतात. एवढे बारीक की डोळ्याला दिसायचे नाहीत, पण घडण अशी, ह्या पेन्सिलीसारखी. सहा बाजू. चंद्राचा उजेड एका बाजूने आत शिरतो, शेजारची बाजू सोडतो आणि तिच्या पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. येता-जाता वाकतो. कण कसेही उलटेपालटे असतात, म्हणून कुठला किरण जास्त वाकतो, कुठला कमी. पण बाविसाहून कमी कुणालाही वाकता येत नाही. आणि बहुतेक सगळे त्या बाविसाच्या आसपासच गर्दी करतात. गर्दी जिथे, तिथे कडं. म्हणून खळ्याची आतली कड रेखीव, जराशी तांबूस, आणि आत बघा, आत आकाश जास्त काळं. तिथे यायची कुणाला परवानगीच नाही."

हे वाक्य म्हणताना ते इतके खूश होत, जणू ती परवानगी त्यांनीच नाकारली आहे.

कुणीतरी हमखास विचारी, "मग पाऊस येणार का, सर?"

"येईलही. असा पडदा पुष्कळदा पावसाच्या ढगांच्या पुढे चालतो. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नाही. खळं फक्त एवढंच सांगतं, की वर बर्फ आहे आणि उजेड त्याच्यातून आलाय. उगीच त्याच्या तोंडी आपलं बोलणं घालू नये."

शेवटी ते सांगत ती गोष्ट नवीन निरीक्षकांनी कधी विसरू नये अशी त्यांची इच्छा असे. चंद्र दिपवतो, म्हणून अंगठ्याने चंद्र झाकूनच खळं बघायचं. उजेड झाकला तरी आकाशातलं कडं तिथेच राहतं, उलट स्पष्ट होतं.

गेल्या दोन-अडीच वर्षांत मात्र मास्तरांना चंद्राभोवती निराळंच काही दिसू लागलं होतं. संध्याकाळची पाळी, शेडमागची समाधी, मग अंगणात आले की चंद्राला लागूनच एक लहानसं रंगीत वलय. आत निळसर, बाहेर तांबडं. हे खळं नव्हे हे त्यांना एका नजरेत कळलं. असली लहान वलयं बर्फाची नसतात, पाण्याच्या थेंबांची असतात. चंद्रावरून पातळ, थेंबांचा ढग जात असला की पडतात, आणि त्यांचा तांबडा रंग बाहेरच्या अंगाला असतो. शास्त्र अगदी बरोबर होतं. म्हणून मास्तर विनाशंका लिहीत, चंद्रासमोर पातळ ढग.

आता ढग तर दिसायचा नाही. पण तीस वर्षं आकाश वाचलेल्या माणसाला वलय दिसल्यावर ढग वेगळा कशाला दिसायला हवा? हातच्या काकणाला आरसा कशाला! हात ताणून वितीने मोजणं, अंगठ्याने झाकून बघणं हे नवशिक्यांचं काम, असं म्हणून त्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं.

मुख्य केंद्रातून एकदा फोन आला. "अहो, आजूबाजूची सगळी केंद्रं निरभ्र म्हणतायत, तुमच्याकडेच पातळ ढग कुठून?"

"तुमच्या लोकांना बटणं आहेत बटणं," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

कधीकधी वलयाबरोबर कपाळ दुखे. भुवईच्या वर ठणका लागे, नजर जराशी दुधाळ होई. झोपून उठलं की सगळं साफ. पाळीचा शीण, दुसरं काय. फाटकावरच्या दिव्याभोवतीही तसंच वलय दिसे, तर हवा दमट असेल. घरातल्या बल्बभोवती दिसलं, तर चष्मा शर्टाच्या टोकाने पुसून घेतला. दर वेळी कारण तयार होतं. हुशार माणसाचं हेच तर दुर्दैव, की त्याला कारण लगेच सापडतं.

बायको मात्र कुरकुरत होती. "हल्ली तुम्ही बघून चालता की आठवून चालता?" ती म्हणे. बादली पायात आली, दाराची चौकट खांद्याला लागली, ताटाच्या कडेला ठेवलेली वाटी हाताच्या धक्क्याने आडवी झाली. ती समोरून आली तर ओळख, बाजूने आली तर मास्तर दचकत.

"तूच मांजरीसारखी येतेस," मास्तर म्हणत.

"मी मांजरीसारखी येते आणि बादली कशी येते? तीही मांजरच का?"

मग मास्तर अंगणात जाऊन ढग बघत.

केंद्रात त्या वर्षी एक नवी निरीक्षक आली होती. सगळ्यात शेवटी लागली म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. अंगाने शेलाटी, बोलायला सावकाश, पण एकदा पाहिलेलं न विसरणारी. मास्तरांचं खळ्याचं व्याख्यान तिने एकदाच ऐकलं होतं, तेही खळं नसताना, नुसत्या पेन्सिलीवर. तेव्हापासून ती प्रत्येक चांदण्या संध्याकाळी वर बघत होती.

आणि एका संध्याकाळी पडलं. दिवे लागून थोडाच वेळ झाला होता. मास्तर पाळीवर आलेले, धाकटी पाळी संपवून निघालेली. मास्तर नेहमीप्रमाणे शेडमागे उभे होते, तिथे तिची हाक ऐकू आली.

"सर, लवकर या! खळं! अहो केवढं आहे!"

मास्तर बाहेर आले. कपाळ आज जास्तच ठणकत होतं. त्यांनी वर पाहिलं. चंद्राभोवती तेच लहान, रंगीत वलय.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "याला खळं नाही म्हणत. शिकवलं काय तुम्हाला? एवढंसं असतं का खळं? तीन बोटांचं तर आहे. पाण्याच्या थेंबांचं वलय हे."

धाकटी गोंधळली. "तीन बोटं? सर, लहान वलय मला दिसतच नाहीये. मी मोठ्याबद्दल बोलतेय. ते बघा, त्या खांबाच्या टोकापासून पार शेडच्या छपरावरून गेलंय."

"आणि चंद्राला लागून लाल कडं आहे ते?"

"चंद्राला लागून काही नाही, सर. उलट काळं आहे. तुम्ही म्हणाला होतात ना, परवानगी नसते, तसं."

मास्तर चिडले. आकाशाच्या बाबतीत त्यांना कुणी दुसऱ्यांदा सांगितलेलं खपत नसे. "डोळे आहेत की..." त्यांनी सुरुवात केली. पण पोरगी वाद घालत नव्हती. ती हात ताणून उभी होती, अंगठा चंद्रावर, करंगळी आकाशात कुठेतरी टेकलेली, आणि तिचा चेहरा चांदण्यात असा उजळला होता की खोटं बोलत असेल असं म्हणवेना.

"वीत लावून बघा ना, सर," ती म्हणाली.

केवळ तिला तोंडघशी पाडावं म्हणून मास्तरांनी हात उचलला. कोपर ताणलं, वीत पसरली, अंगठा चंद्रावर ठेवला.

वलय गेलं.

करंगळीकडे बघायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. त्यांनी अंगठा काढला. वलय आलं. निळं आत, तांबडं बाहेर, सुबक. अंगठा ठेवला. गेलं. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. आकाशातली गोष्ट अशी अंगठ्याला घाबरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ते वळले. फाटकावरचा दिवा जळत होता आणि त्याच्याभोवतीही वलय होतं, तेवढंच, तीन बोटांचं. मास्तरांनी दिव्यावर अंगठा ठेवला आणि ते वलयही गेलं. चंद्र आणि दिवा यांच्यामध्ये जर एकच वस्तू समान असेल तर ती कोण, हे कळायला हवामानशास्त्र लागत नाही. मास्तर अंगठा तसाच दिव्यावर धरून उभे राहिले.

"सर? बरं वाटत नाहीये का?"

"आज ढगांची नोंद तू कर," मास्तर म्हणाले. त्यांनी तिला पहिल्यांदाच अगंतुगं केलं होतं. "मी पारा वाचतो."

घरी गेल्यावर त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला. "म्हणजे अडीच वर्षं तुम्हाला दिव्यांभोवती रंग दिसतायत आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"सांगायचं काय? चंद्राला वलय आहे, असं?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. एरवी हे वाक्य तिने टोमणा म्हणून मारलं असतं. त्या दिवशी ते तिच्या तोंडून रडल्यासारखं आलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकला, डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला. मग स्टूल जवळ ओढून बसल्या.

"काका, डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं आणि बारीक वाटेने निचरून जात असतं. रडण्याचं पाणी नव्हे, आतलं. तुमच्या डोळ्यांत ती वाट जन्मापासूनच अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी झाली की बाहुलीभोवतालचा पडदा गोळा होतो आणि वाट बुजते. पाणी तुंबतं, दाब वाढतो. डोळ्याची पुढची काच सुजते, तिच्यात पाण्याचे बारीक थेंब साठतात. त्यांच्यातून दिवा बघितला की भोवती रंग दिसतात. झोपलात की बाहुली लहान होते, वाट उघडते, सकाळी सगळं ठीक. अंधारात फार वेळ असता का तुम्ही?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग शेडमागच्या समाधीबद्दल सांगितलं. सांगताना त्यांना प्रथमच ती रीत मूर्खपणाची वाटली.

"तो काही तुमचा गुन्हा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळाच तसा घडलेला. तुम्ही तिथे उभे राहिला नसतात तरी हे झालंच असतं, कदाचित सावकाश. फक्त वलय पहिल्यांदा दिसलं तेव्हा आला असतात तर..."

"मला वाटलं, ते आकाशात आहे."

बाईंनी एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे मास्तरांना बसवलं. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. नोकरीभर कडेकडेचं आकाश टिपलेला माणूस बटणावर बोट ठेवून बसला. त्याला वाटलं यंत्र बिघडलंय, कारण कडेला कुठे काही चमकतच नव्हतं. बाजूला बसलेली बायको मात्र यंत्र टिकटिकताना ऐकत होती आणि नवऱ्याचं बोट हलत नाही हे बघत होती.

छापून आलेल्या चित्रात मध्ये एक लहान पांढरा तुकडा होता, बाकी सगळं काळं. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच.

"वाट मोकळी करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेझरने पडद्याला बारीक भोक पाडू, थेंब देऊ. वलयं दिसणं थांबेल. पण दाबाने मागची नस सुकली आहे आणि सुकलेली नस परत येत नाही. उरलंय ते जपायचं."

"उरलंय किती?" मास्तरांनी विचारलं. "अंशांत सांगा."

बाईंना हा प्रश्न अजून कुणी असा विचारला नसावा. त्यांनी चित्राकडे पाहिलं. "मधोमध बघितलंत तर सगळ्या बाजूंना साधारण दहा अंश. डाव्या डोळ्याला थोडं कमीच."

"दहा," मास्तर म्हणाले. आणि मग औषधाच्या वेळा, पुढची भेट, काहीच त्यांच्या कानात शिरलं नाही. ते सगळं बायकोने ऐकून घेतलं.

बायकोने रिक्षात फक्त एकदा विचारलं, "दुसऱ्या कुणाला दाखवायचं का?" दुसऱ्याला दाखवलं. तिसऱ्यालाही दाखवलं. तिघांचं एकमत झालं. आयुष्यात मास्तरांना तीन तज्ज्ञ एकाच गोष्टीवर एकमत झालेले कधी भेटले नव्हते, आणि भेटले ते ह्यावर.

वलयं गेली. ठणकाही गेला. केंद्रप्रमुख सज्जन माणूस होता, त्याने मास्तरांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन सांगितलं. "मास्तर, निरीक्षकाची नजर तपासण्याचा नियम आहे. मला तुम्हाला अंगणात पाठवता येणार नाही. टेलिफोन बघा, आलेले निरोप पुढे द्या. हुद्दा तोच राहील." मास्तरांना भांडायचं होतं. गेली कित्येक वर्षं ते या माणसाशी पंख्याच्या वेगावरूनही भांडले होते. पण भांडायला मुद्दा लागतो आणि मुद्दा समोरच्याकडे होता. ते बरं म्हणाले आणि टेलिफोनच्या टेबलाशी जाऊन बसले.

तिथे खिडकी होती. धाकटी बाहेर जाताना तिथून दिसे, म्हणजे मास्तरांनी नेमकी मान वळवली तर. ती नोंद करून आली की सहज बोलल्यासारखी सांगे, "पश्चिमेला पिंजलेले ढग आहेत, सर, दोन भाग." मास्तर मान हलवीत. एकदा त्यांनी विचारलं, "कशावरून दोन? तीन का नाही?" तिने नीट समजावून सांगितलं. ते बरोबर होतं. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. तिला आपली गरज नाही ही गोष्ट त्यांना आवडायला हवी होती, शिकवलं होतं त्यांनीच. पण आवडली नाही. मन कडू झालं आणि त्या कडूपणाची लाजही वाटली.

पुढे एक दिवस संध्याकाळी मास्तर घरी होते. बायको गच्चीवरचे कपडे काढायला गेली होती. ती तशीच, खांद्यावर कपड्यांचा ढीग घेऊन धापा टाकत खाली आली.

"अहो, चला वर. चंद्राला खळं पडलंय."

"असू दे."

"असू दे काय? सगळ्या गल्लीतली माणसं बघतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, समोरचं स्वच्छ दिसणार. आणि आता ती रंगीत भानगडही नाही. उठा."

तिने त्यांचा हात धरून जिना चढवला. शेवटच्या पायरीवर "पायरी" म्हणाली. गच्चीच्या मध्यावर नेऊन उभं केलं आणि खांद्याला धरून चंद्राकडे तोंड करून दिलं.

मास्तरांनी वर पाहिलं. चंद्र होता. स्वच्छ, गोल, डागांसकट. भोवती काही नाही. काळं आकाश, आणि त्या काळ्याच्या पलीकडे काळंही नाही, नुसतं काही नसणं.

त्यांनी वीत लावली नाही. वितीचं अंतर त्यांच्या मानेला पाठ होतं. त्यांनी नजर चंद्रावरून उचलली आणि हळूहळू उजवीकडे नेली. चंद्र निसटला, विझवल्यासारखा. पुढे काळोख, मग आणखी काळोख, आणि मग आलं. पांढुरकं, आतून तांबूस, रेखीव. खळ्याचा एक तुकडा. ते त्या तुकड्याला धरून वर चढले, डावीकडे उतरले, खालून परत आले. एकेक तुकडा बरोबर होता. कुठेही तुटलेलं नव्हतं. पण हे कडं कशाभोवती आहे ते त्यात दिसत नव्हतं. चंद्राकडे परत आले तर चंद्र होता आणि खळं गेलं होतं.

"दिसलं ना?" बायको हरखून विचारत होती. "आज फारच मोठं आहे नाही?"

"मोठं नाही. तेवढंच असतं."

"पण दिसलं ना?"

"दिसलं. चंद्रही दिसला, खळंही दिसलं. एका वेळी नाही दिसत."

"म्हणजे कसं?"

"ते बावीस अंशांच्या आत येत नाही," मास्तर म्हणाले, "आणि मला दहाच्या पलीकडचं दिसत नाही."

बायकोला अंशांतलं काही कळत नव्हतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "मग जरा मागे सरकून बघा ना," ती म्हणाली. "लांबून बघितलं की मोठी वस्तू मावते नजरेत. भिंतीवरचं चित्र नाही का आपण मागे होऊन बघत?"

इतका साधा उपाय तिने इतक्या आशेने सांगितला होता की मास्तरांना नाही म्हणवेना. चित्र भिंतीवर असतं, हे कुठल्याच भिंतीवर नसतं. आपण कितीही मागे गेलो तरी ते बावीसच राहतं, हे तिला कसं सांगायचं? ती त्यांचा दंड धरून मागे चालू लागली आणि तेही तिच्याबरोबर एकेक पाऊल मागे जाऊ लागले. डोळे चंद्रावर, पाय चाचपडत. पाठ कठड्याला टेकली तेव्हा ती म्हणाली, "आता?"

मास्तरांनी बघितलं. मग तोंड तिच्या खांद्यावरच्या कपड्यांत खुपसलं आणि रडले.